बशी, डोह आणि अर्धी भरलेली टाकी
कमी दाबाच्या घरात संडासचं कुठलं भांडं कमी तुंबतं, याचा आढावा

संडास तुंबला की घरात पहिलं वाक्य येतं, ‘पाण्याला प्रेशरच नाही.’ प्लंबर येतो, तोही मान हलवतो आणि भांडं बदलायला सांगतो. दुकानात गेलं की तिथला माणूस विचारतो, वॉशडाउन हवं की सायफोनिक, एस-ट्रॅप की पी-ट्रॅप. आपण किंमत आणि रंग पाहून परत येतो. सहा महिन्यांनी नवं भांडंही तुंबतं आणि दोष पुन्हा प्रेशरच्या माथी जातो.

या गोंधळात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. भांड्याच्या आकारामुळे तुंबण्यात फरक पडतो का, हा पहिला. ‘प्रेशर कमी’ म्हणजे नेमकं काय कमी, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर हाती असल्याशिवाय पहिल्याचं मिळत नाही, पण भांडी डोळ्यांसमोर असली तर दोन्ही सोपं जातं. म्हणून आधी भांड्यांकडे पाहू.

बशीचं भांडं आणि डोहाचं भांडं

भांड्यांच्या मूळ जाती दोन. पहिलीत विष्ठा एका उथळ, जवळजवळ सपाट भागावर पडते. तिथे जेमतेम बोटभर पाणी असतं, कधी तेवढंही नसतं. फ्लशचं पाणी येतं, या सपाट भागावरून सगळं विसळून कडेला नेतं आणि तिथल्या भोकातून खाली ट्रॅपमध्ये टाकतं. बशी विसळावी तसा हा प्रकार. कारागिरीच्या भाषेत त्याला वॉशआउट म्हणतात. दुसऱ्या जातीत भांड्याच्या भिंती उतरत्या असतात आणि तळाशी पाण्याचा छोटा डोह असतो. विष्ठा थेट या डोहात, म्हणजे ट्रॅपच्या तोंडाशीच पडते. फ्लशचं पाणी चारी बाजूंनी खाली येऊन तिला मागून ढकलतं आणि ट्रॅपच्या उंबरठ्यापलीकडे घालवतं. हे वॉशडाउन.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात या दोन्ही जाती जवळपास एकाच काळात बाजारात आल्या. १८८०च्या दशकात थॉमस ट्वायफोर्ड यांच्या कारखान्यातलं ‘नॅशनल’ हे वॉशआउट भांडं खूप गाजलं होतं. पण विसाव्या शतकात इंग्लंडने बशी सोडली आणि डोह धरला. जर्मनी, नेदरलंड्स आणि मध्य युरोपातल्या काही देशांत मात्र बशी अनेक दशकं टिकली. जर्मन भाषेत या दोन जातींची नावंच ‘सपाट विसळणारं’ आणि ‘खोल विसळणारं’ अशा अर्थाची आहेत. नोकरीनिमित्त तिकडे गेलेली आपली मंडळी भाड्याच्या जुन्या घरात ही बशी पहिल्यांदा पाहतात आणि चक्रावतात. ती टिकण्यामागे एक कारण आरोग्याचं होतं. मळ डोळ्यांनी तपासता येतो आणि जंत किंवा रक्त असेल तर ते दिसतं. पाणी अंगावर उडत नाही, ही वरची सोय.

आपल्याकडे बशी परकी नाही. आपलं उकिडवं बसायचं नेहमीचं भांडं, ज्याला दुकानात ओरिसा पॅन म्हणतात, ते तुंबण्याच्या हिशेबात याच कुळातलं आहे. मधला भाग लांबट आणि जवळजवळ सपाट, भोक एका टोकाला, आणि ट्रॅप खाली वेगळा बसवलेला. त्यामुळे ‘बशी की डोह’ हा वाद आपल्या घरात ‘इंडियन की इंग्लिश’ या नावाने चालतो. बसायच्या सवयीचा आणि गुडघ्यांचा विचार करून तो मिटवला जातो. पाण्याचा विचार त्यात क्वचितच येतो.

पाण्याची ताकद कुठे खर्च होते

एका फ्लशमध्ये मिळणारी ताकद ठरलेली असते. इतकं पाणी, इतक्या उंचीवरून, इतक्या सेकंदांत. ती कुठे खर्च होते ते पाहिलं की दोन भांड्यांतला फरक उघड होतो.

बशीच्या भांड्यात पाण्याला तीन कामं ओळीने करावी लागतात. सपाट भागावर चिकटलेलं सोडवायचं, मग ते घसरवत भोकापर्यंत न्यायचं आणि मग ट्रॅपमधल्या साचलेल्या पाण्याला ढकलून ते पलीकडे घालवायचं. पहिल्या दोन कामांतच पाण्याचा वेग बराच मोडतो. त्यावर भोकातून खाली पडताना प्रवाहाची दिशा बदलते आणि उरलेला जोर आणखी विखुरतो. म्हणून पाणी कमी पडलं की बशी वरून स्वच्छ दिसते, पण मळ खाली ट्रॅपमध्ये अडकून बसतो. दोन-तीन वेळा असं झालं की तिथे थर जमतो आणि एक दिवस भांडं वरपर्यंत भरतं.

डोहाच्या भांड्यात पहिली दोन कामं नसतातच. मळ आधीच ट्रॅपच्या तोंडाशी पाण्यात असतो आणि सगळा जोर त्याला पलीकडे ढकलण्यात लागतो. शिवाय वॉशडाउनचा ट्रॅप आखूड, एकाच वळणाचा आणि रुंद असतो. त्यात अडकायला जागा कमी. या भांड्याबद्दल एक तक्रार खरी आहे. मागच्या उतरत्या भिंतीवर डाग राहतात आणि ब्रश फिरवावा लागतो. पण भांडं घाण होणं आणि भांडं तुंबणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घरात ‘नीट फ्लश होत नाही’ या एका वाक्यात दोन्ही कोंबल्या जातात आणि मग चांगलं भांडं विनाकारण बदललं जातं.

दुकानात भेटणारं तिसरं भांडं म्हणजे सायफोनिक. दिसायला देखणं, आवाज कमी, पाण्याचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे डागही कमी. त्याचं काम ढकलण्यावर चालत नाही, ओढण्यावर चालतं. त्याची मागची वाट लांब, नागमोडी आणि मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. साधारण दोन इंचांची, म्हणजे पन्नास-पंचावन्न मिलिमीटरची. फ्लशचं पाणी झपाट्याने येऊन ही वाट काठोकाठ भरली की सायफन लागतो आणि भांड्यातलं सगळं एका दमात ओढून घेतो. पण वाट पूर्ण भरली नाही तर सायफन लागतच नाही. पाणी नुसतं वर येतं, रेंगाळतं आणि हळूहळू उतरतं, मळ तिथेच. वॉशडाउनचं काम पाणी कमी झालं की थोडं बिघडतं. सायफोनिकचं एका मर्यादेखाली एकदम बंद पडतं. ज्या घरात फ्लशची टाकी दर वेळी पूर्ण भरेल याची खात्री नाही, तिथे हे भांडं घेणं म्हणजे दुखणं विकत आणणं.

भांड्याचा आकार तोच ठेवून पाणी कमी केलं की काय होतं, याचा मोठा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. तिथली घरगुती भांडी मुख्यतः सायफोनिक. १९९२च्या कायद्यानुसार १९९४पासून नव्या घरगुती भांड्यांना एका फ्लशला सुमारे सहा लिटरची मर्यादा आली. त्याआधीची भांडी तेरा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी घेत. कारखान्यांनी सुरुवातीला जुन्याच आकारांत थोडे फेरफार करून ती विकली आणि तुंबण्याच्या, दोनदा फ्लश करावं लागण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. पुढे आतल्या वाटेची आखणी नव्याने केल्यावर त्या ओसरल्या. ऑस्ट्रेलियाने दुसरा रस्ता धरला. पाणीटंचाईच्या त्या देशात १९८०च्या सुमारास दोन बटणांचा फ्लश आला. लहान बटणाला कमी पाणी, मोठ्याला जास्त. त्याला जोड मिळाली ती रुंद वाटेच्या वॉशडाउन भांड्याची, आणि पाणी कमी करूनही ती भांडी चालली. कमी पाण्यात वाट रुंद आणि आखूड हवी, हे या दोन देशांनी आपल्या खर्चाने दाखवून दिलं आहे.

‘प्रेशर कमी’ म्हणजे काय कमी?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. फ्लशची टाकी असलेल्या भांड्यात नळाच्या दाबाचा फ्लशच्या जोराशी संबंध नसतो. टाकी एकदा भरली की तिच्यातलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. नळाला दाब अर्धा बार असो की तीन बार, फ्लश तेवढाच. नळाचा दाब फक्त एक गोष्ट ठरवतो. टाकी पुन्हा भरायला किती वेळ लागेल.

पण त्या वेळेतच सगळं दडलेलं आहे. एक हिशेब करून पाहू. भांड्याजवळच्या अँगल कॉकची नळी काढा आणि तिच्याखाली एक लिटरचा मग धरा. तो अर्ध्या मिनिटात भरला, तर मिनिटाला दोन लिटर पाणी येतं आहे आणि सहा लिटरची टाकी तीन मिनिटांत भरेल. एवढ्यावर कुणाचं अडत नाही. आता सकाळी साडेसातची वेळ घ्या. न्हाणीघरात बादली लावलेली आहे, स्वयंपाकघरात नळ चालू आहे, आणि संडासच्या नळीला मिनिटाला अर्धा लिटर पाणी उरलं आहे. तीच टाकी भरायला आता बारा मिनिटं. पाच मिनिटांनी दुसरा माणूस गेला आणि त्याने बटण दाबलं, तर टाकीत जेमतेम अडीच लिटर. पाणी कमी, त्याची टाकीतली पातळीही खाली, म्हणजे जोरही कमी. त्याने तीन मिनिटं थांबून पुन्हा बटण दाबलं, तर या वेळी दीड लिटर. अर्ध्या-अर्ध्या फ्लशांनी मळ ट्रॅपपर्यंत जातो, ट्रॅपपलीकडे जात नाही.

म्हणजे दाब कमी असलेल्या घरात भांडं तुंबतं ते अर्ध्या भरलेल्या टाकीमुळे. आणि म्हणूनच भांड्याच्या आकाराला इथे महत्त्व येतं. अडीच लिटरात सायफोनिक काहीच करत नाही. बशी वरून साफ होते आणि आत अडवून ठेवते. वॉशडाउन निदान बरंचसं पुढे ढकलतं आणि पुढचा पूर्ण फ्लश उरलेलं नेतो.

यावर भांड्याच्या आधीचे उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. टाकीत पाणी सोडणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्यातली रेती तिच्यात साचते आणि प्रवाह निम्म्यावर येतो. अँगल कॉक बंद करून ती काढायची, धुवायची, परत लावायची. अँगल कॉक स्वतः अर्धवटच उघडलेला असतो, हेही बरेचदा आढळतं. तेवढ्याने भागलं नाही तर फ्लोट व्हॉल्व्ह बदलायचा. जास्त दाबासाठीच्या व्हॉल्व्हचं आतलं भोक बारीक असतं, कमी दाबासाठीच्याचं मोठं. गच्चीवरच्या टाकीवर चालणाऱ्या घरात बारीक भोकाचा व्हॉल्व्ह बसवला तर टाकी थेंब-थेंब भरते. दुकानात ‘कमी दाबाचा व्हॉल्व्ह’ असं सांगून मागावा.

शेवटचा मजला आणि फ्लश व्हॉल्व्ह

दाबाचा फ्लशशी थेट संबंध येतो तो एकाच ठिकाणी, तो म्हणजे टाकीशिवायचा फ्लश व्हॉल्व्ह. भिंतीत बसवलेला, दांडी किंवा पट्टी दाबली की थेट पाइपातलं पाणी भांड्यात सोडणारा. नव्या इमारतींत जागा वाचते म्हणून तो बराच वापरला गेला. याला जोर फक्त गच्चीवरच्या टाकीच्या उंचीतून मिळतो.

चार मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. तळमजला आणि वर तीन. प्रत्येक मजला तीन मीटरचा. गच्चीवर एक मीटरच्या ओट्यावर टाकी, तिच्यात मीटरभर पाणी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लश व्हॉल्व्हची जागा फरशीपासून एक मीटरवर. फरशीपासून गच्ची तीन मीटर, ओटा एक, म्हणजे टाकीचा तळ फरशीपासून चार मीटरवर आणि पाण्याची पातळी पाचवर. व्हॉल्व्हची उंची वजा केली तर हाती उरतात तीन ते चार मीटर, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार, हा याचा सोपा हिशेब. टाकीतलं पाणी उतरत जातं तसा हा आकडा तीनकडे सरकतो आणि पाइपाच्या वळणांत त्यातलंही काही जातं. तळमजल्यावर मात्र आणखी नऊ मीटर मिळतात, म्हणजे १.२ ते १.३ बार. या व्हॉल्व्हना साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो. त्यामुळे त्याच इमारतीत, त्याच भांड्यावर, त्याच व्हॉल्व्हने तळमजल्यावर धो धो फ्लश होतो आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी नुसतं ओघळतं.

तिसऱ्या मजल्यावरचे लोक अशा वेळी भांडं बदलतात. तिथे चूक होते. भांडं वॉशडाउन असेल तर ते तसंच ठेवून फ्लश व्हॉल्व्हच्या जागी टाकी बसवायची. बाहेरची प्लास्टिकची टाकी भिंत न फोडता लागते. आता तोच ०.३ बारचा दाब फक्त टाकी भरायचं काम करतो आणि तेवढ्याला तो पुरतो. शेवटच्या मजल्यासाठी गच्चीवर बूस्टर पंप बसवणं हाही मार्ग आहे, पण वीज गेली की तो थांबतो आणि संडासाला विजेची वाट पाहता येत नाही.

चाळीतली साखळी कुठे गेली

बशीच्या भांड्याची बदनामी करताना त्याची एक जुनी जोडीदार विसरली जाते. चाळीत आणि जुन्या वाड्यांत उकिडव्या भांड्याच्या वर, डोक्याच्या बरीच वर, ओतीव लोखंडाची टाकी असायची. तिची साखळी ओढली की पाणी जाड पाइपातून धाडकन खाली यायचं. भारतीय मानकांतसुद्धा उंचावरची टाकी आणि खालची टाकी हे दोन वेगळे प्रकार धरलेले आहेत. उंचावरच्या टाकीचा तळ भांड्यापासून किमान सव्वा मीटर वर असावा, अशी तरतूद आहे. खालची टाकी भांड्याच्या जेमतेम वीतभर-दीड वीत वर असते.

पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे मिळणारी ताकद उंचीच्या प्रमाणात वाढते. दीड मीटरवरून आलेल्या लिटरभर पाण्यात पस्तीस सेंटिमीटरवरून आलेल्या पाण्याच्या चौपटीहून जास्त ताकद असते. त्यातली काही पाइपाच्या घर्षणात जाते, तरी उरतो तो फरक मोठा असतो. बशीला जी तीन कामं करावी लागतात, त्यांची किंमत ही उंची चुकवत होती. टाकीत दहा-बारा लिटर पाणी असायचं, ते वेगळंच.

मग घराचं नूतनीकरण झालं. लोखंडी टाकी गंजली म्हणून काढली आणि तिच्या जागी प्लास्टिकची, हात पुरेल अशा उंचीवर लावली. भांडं मात्र तेच बशीचं. त्या दिवसापासून संडास तुंबू लागला आणि घरात म्हणू लागले, ‘पूर्वी प्रेशर चांगलं होतं.’ प्रेशर पूर्वीही तेवढंच होतं. घालवली ती उंची. ज्यांना उकिडवं भांडंच हवं आहे, त्यांनी प्लास्टिकची टाकी लावावी, पण वर लावावी. दोरी किंवा साखळी जोडता येते आणि पाइप जाड ठेवता येतो. एवढ्या एका बदलाने कित्येक घरांतलं तुंबणं थांबतं.

दोन लिटरात चालणारी बशी

या आढाव्यातला सगळ्यात बोलका पुरावा शहरातला नाही. ज्या खेड्यांत पाणी डोक्यावरून आणलं जातं, तिथे फ्लशच्या टाकीचा प्रश्नच नव्हता. तांब्याभर पाण्यात काम व्हायला हवं होतं. म्हणून ग्रामीण भांड्याचा आकार बदलला गेला. बिंदेश्वर पाठक यांनी १९७०मध्ये स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने हाताने पाणी ओतायच्या संडासाचा प्रसार केला. पुणे जिल्ह्यात देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी अनेक वर्षं गावकऱ्यांबरोबर संडासांचं काम केलं. त्यांना २०१७मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या ग्रामीण भांड्यात बशीचा तळ सपाट ठेवत नाहीत, त्याला पंचवीस ते तीस अंशांचा तीव्र उतार देतात. मळ उतारावरून जवळजवळ आपोआप घसरतो. ट्रॅपमधली पाण्याची पाळ नेहमीच्या पन्नास मिलिमीटरऐवजी फक्त वीस मिलिमीटर ठेवतात, म्हणजे ढकलायचं पाणीही कमी. परिणाम असा की दीड ते दोन लिटर पाणी हाताने ओतलं तरी काम होतं. इथे दाब शून्य आहे, तरी भांडं तुंबत नाही. याची किंमतही आहे. वीस मिलिमीटरची पाळ उन्हाळ्यात लवकर सुकते आणि वापर नसला की वास येतो. शहरातल्या बहुमजली इमारतीत, जिथे वरच्या मजल्याचं पाणी एकदम खाली आलं की पाइपातली हवा खालीवर होते, तिथे एवढी कमी पाळ टिकत नाही. म्हणून ग्रामीण भांडं फ्लॅटमध्ये बसवायचं नसतं. स्वतःचा खड्डा किंवा टाकी असलेल्या बैठ्या घराला मात्र ते उत्तम.

हाताने पाणी ओतायची वेळ शहरातही येते. आठवड्यातून एक-दोनदाच नळाला पाणी येणाऱ्या गावांत लोक फ्लशची टाकी बंद करून बादलीच वापरतात. तिथे वॉशडाउनची बाजू पुन्हा वर राहते. अर्धी बादली, साधारण पाच-सहा लिटर, कमरेच्या उंचीवरून थेट डोहात एका दमात ओतली की वाट मोकळी होते. हळूहळू ओतली तर तेच पाणी नुसतं वाहून जातं आणि मळ राहतो. बशीच्या भांड्यात धार कुठे मारायची याचा नेम लागतो. सायफोनिकलाही बादलीने चालवता येतं, पण एवढं पाणी एवढ्या झपाट्याने ओतायला लहान मुलं आणि म्हाताऱ्यांचे हात पुरत नाहीत.

भांड्याचा दोष की पुढच्या लाइनचा?

भांडं बदलण्याआधी एक तपासणी करायची असते आणि तिला फक्त बादली लागते. आठ-दहा लिटर पाणी वॉशडाउन भांड्यात एका दमात ओता आणि पाहा. पाणी झपकन गेलं, मागे काही राहिलं नाही, तर भांडंही चांगलं आणि लाइनही मोकळी. दोष फ्लशच्या टाकीत, व्हॉल्व्हमध्ये किंवा रिमच्या भोकांत आहे. पाणी वर चढलं आणि सावकाश उतरलं, तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा पुढे आहे. त्याच वेळी न्हाणीघरातल्या जाळीतून गुडगुड आवाज आला किंवा पाणी उलटं आलं, तर अडथळा भांड्यात नाही, पुढच्या पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. तिथे जगातलं कुठलंही भांडं बसवलं तरी ते तुंबणारच.

नव्या घरात पहिल्या महिन्यातच तुंबत असेल तर ट्रॅपमध्ये पडलेला सिमेंटचा गोळा शोधायचा. फरशी बसवताना तो आत पडतो आणि तिथेच घट्ट होतो. भांडं बदललेल्या घरात जोड तपासायचा. फरशीतलं जुनं भोक भिंतीपासून नऊ इंचांवर आणि नवं भांडं बारा इंचांचं असेल, तर वाकडा जोड लावून ते बसवलं जातं. वॉशडाउनची सगळी रुंदी त्या एका वाकड्या जोडात वाया जाते.

क्षारांचं पाणी असलेल्या भागांत आणखी एक गोष्ट होते. रिमखालच्या भोकांत पांढरा थर चढतो आणि सहा लिटर पाणी तीन-चार सेकंदांऐवजी दहा सेकंदांत येतं. पाणी तेवढंच, पण जोर गेला. आरसा खाली धरून भोकं पाहायची आणि तारेने व सौम्य आम्लाने साफ करायची. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जीवघेणा ठरतो.

दोन बटणांच्या टाकीबद्दलही एक सावधगिरी. लहान बटण लघवीसाठी आहे. पाणी वाचवायला मळासाठी तेच दाबलं, तर वॉशडाउन भांडं ते कसंबसं पलीकडे ढकलतं, पण पुढच्या चार इंची आडव्या पाइपात मळ थबकतो. आडवा पाइप लांब आणि उतार कमी असेल तर तिथेच थर जमतो. अशा घरात भांडं कधीच तुंबलेलं दिसत नाही, पण वर्षातून दोनदा चेंबर साफ करायला माणूस बोलवावा लागतो. ओल्या वाइप्स, सॅनिटरी पॅड आणि डायपर यांचा तर विषयच काढायला नको. त्यांनी कुठलंही भांडं अडतं, आणि सायफोनिक सगळ्यांत आधी.

निकाल

कमी दाबाच्या शहरी घरात, गच्चीवरच्या टाकीवर चालणाऱ्या फ्लॅटमध्ये, रुंद वाटेचं वॉशडाउन भांडं आणि त्यावर सहा लिटरची टाकी ही जोडी सगळ्यात कमी तुंबते. त्याला ब्रश जास्त लागतो, ती किंमत मोजायची. उकिडवं बशीचं भांडं ठेवायचं असेल तर टाकी सव्वा मीटर किंवा त्याहून वर हवी आणि पाणी दहा लिटर हवं. ते जमत नसेल तर बशी घेऊ नये. स्वतःचा खड्डा असलेल्या बैठ्या घरात, जिथे पाणी हातानेच ओतायचं आहे, तिथे तीव्र उताराचं ग्रामीण भांडं वॉशडाउनलाही मागे टाकतं. सायफोनिक घ्यायचं तर सकाळच्या गर्दीतही टाकी तीन मिनिटांत भरते याची खात्री करूनच. आणि शेवटच्या मजल्यावर फ्लश व्हॉल्व्ह असेल तर आधी तो काढा, भांड्याला हात नंतर लावा.

दुकानात जाण्याआधी सकाळी साडेसातला एक लिटरचा मग नळीखाली धरून घड्याळ बघा. तो मग दोन मिनिटांत भरत नसेल, तर भांडं नंतर निवडा. आधी जाळी साफ करा.